मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला छायाचित्राखाली काय लिहावे?

कोपरवाला (रविवार, रात्री ९.४०)

येत्या शनिवारी आमचे चिरंजीव दहा वर्षांचे होत आहेत. दरवर्षी त्यांचे एक छायाचित्र मी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टाकतो आणि खाली चार ओळी लिहितो. आतापर्यंत त्या ओळी त्याला वाचता येत नसत किंवा वाचायच्या नसत, त्यामुळे मी काहीही लिहिले तरी चालून जात असे. यंदा त्याने आधीच बजावले आहे की, 'बाबा, मला दाखवल्याशिवाय टाकायचे नाही.' त्यामुळे हात आखडला आहे.

छायाचित्र डोंबिवली स्थानकावरचे आहे. तो पाठमोरा उभा राहून इंडिकेटरकडे बघतो आहे आणि मागे बांधलेल्या हातांत लोकलचे तिकीट आहे. हा मुलगा लोकलवेडा आहे. आंघोळ करताना कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे अशी धीम्या गाडीची घोषणा तिन्ही भाषांत करतो, आणि ठाणे आल्याशिवाय बाहेर येत नाही.

माझा पहिला खर्डा असा आहे:

'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, बाळा! माझ्या काळजाच्या तुकड्या, पाहता पाहता तू दहा वर्षांचा झालास. कालपरवापर्यंत माझे बोट धरून चालणारा तू आज स्वतःच्या पायांवर उभा आहेस. तुझ्या हास्याने आमचे घर उजळते. तू असाच हसत राहा, खूप मोठा हो.'

वाचताना मलाच संकोच वाटला. माया दिसावी, थोडे हसूही यावे आणि अश्रूंचा पूर येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. जाणकारांनी मदत करावी.

पैलवान_सातारा (रविवार, रात्री १०.०५)

अभिनंदन, साहेब. मजकूर फारच लांब आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढे वाचता येत नाही. सहा बाय चार फुटांचा आडवा फलक घ्यावा, डाव्या बाजूला चिरंजीवांचे गॉगल लावलेले छायाचित्र ठेवावे आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमचे काळीज, आमची शान, चि. अमुक यांस प्रकटदिनाच्या कोटी कोटी शुभेच्छा' असे लिहावे. खाली शुभेच्छुक म्हणून समस्त मित्रपरिवार घालावा. पाठमोरे छायाचित्र फलकावर अजिबात शोभत नाही.

कोपरवाला (रविवार, रात्री १०.१२)

पैलवान, चौकात फलक लावायचा नाही हो, फोनवरच्या छायाचित्राखालची ओळ हवी आहे. तरीही 'समस्त मित्रपरिवार' वाचून घरात सर्वजण हसले, त्याबद्दल आभार.

दोन_ओळींत_सांगा (रविवार, रात्री १०.३०)

मजकूर दोन ओळींचाच हवा. फोनवर त्यापुढचे कोणी वाचत नाही, कारण त्यापुढचा भाग घडी घातल्यासारखा लपतो आणि तो उघडण्यासाठी बोट लावावे लागते. तुमच्या खर्ड्यात त्या मोलाच्या जागेवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' बसले आहे. हे शब्द डोळ्याला बारा अक्षरांचे वाटतात, पण यंत्र काना, वेलांट्या, उकार आणि पाय मोडण्याचे चिन्हही स्वतंत्र मोजते, त्यामुळे मोकळ्या जागा धरून ते २९ होतात. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर तुम्ही २९ खर्च केले.

जुना_उपसंपादक (सोमवार, सकाळी ६.५०)

मी आयुष्याची बरीच वर्षे एका वृत्तपत्रात छायाचित्र ओळी लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या खोडण्यात घालवली, त्यामुळे हा विषय पाहून राहवले नाही.

वरच्या सदस्यांचे निदान बरोबर आहे, औषध तेवढे चुकले आहे. पुढचा मजकूर लपतो हे खरे, पण म्हणून तो दोन ओळींचाच असावा असे नाही. इन्स्टाग्राम २२०० चिन्हांपर्यंत लिहू देते. उघडी राहणारी पहिली ओळ अशी हवी की, वाचणाऱ्याला बोट लावावेसे वाटले पाहिजे. शुभेच्छांनी सुरुवात केली की ते बोट हलत नाही, कारण पुढे काय असणार याची त्याला कल्पना येते.

आता खर्ड्याविषयी. छायाचित्र ओळीचा आमचा पहिला नियम असा होता की, छायाचित्रात जे दिसते ते ओळीत पुन्हा सांगायचे नाही. मंत्री फीत कापताना दिसत असतील तर 'फीत कापताना मंत्री' एवढ्यावर थांबणारा उपसंपादक ओरडा खात असे. फीत कशाची, आधी कितीदा कापली गेली होती, कात्री ऐनवेळी कोणाकडून आणली, हे सांगायचे. तुमचा मुलगा 'स्वतःच्या पायांवर उभा आहे' हे छायाचित्रात दिसतेच आहे.

दुसरे म्हणजे, हाच मजकूर शेजारच्या घरातील मुलाच्या छायाचित्राखाली ठेवून पाहा. एक शब्दही बदलावा लागत नाही. काळजाचा तुकडा, घर उजळणे, बोट धरून चालणे, हे सर्व मुलांना सारखेच लागू पडते. याउलट आंघोळ करताना ठाणे आल्याशिवाय बाहेर न येणारा मुलगा तुमच्या इमारतीत एकच असेल. तुम्ही तो खर्ड्याबाहेर ठेवला आणि खर्ड्यात दुसराच कोणीतरी बसवला.

कोपरवाला (सोमवार, दुपारी १.२०)

धन्यवाद, काका. गाडीत उभ्याने दुसरा खर्डा केला आहे. या वेळी विनोदावर भर दिला:

'हा मुलगा कोपर स्थानकाला वरचा मजला आहे आणि तिथून वसईची गाडी जाते हे झोपेतही सांगतो, पण त्याला साताचा पाढा येत नाही. मोटरमन व्हायचे आहे, पण पालीला घाबरतो. दुसरीपर्यंत अंथरूण ओले करत असे, आता फक्त डोके ओले करतो. दहा वर्षे आमचे डोके खाल्ल्याबद्दल अभिनंदन!'

शेवग्याची_शेंग (सोमवार, दुपारी ३.१०)

कोपरवाला भाऊ, हसू आले, तरी हे कृपा करून टाकू नका. माझाच अनुभव सांगते.

आमच्या मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला मी फार कौतुकाने लिहिले होते की, ही वाघासारखी बोलते आणि झुरळ दिसले की पलंगावर चढते. मला वाटले, किती गोड. माझ्या मैत्रिणींनी हसरे चेहरे पाठवले. त्यांच्यापैकी दोघींच्या मुली हिच्याच वर्गात होत्या आणि आईच्या फोनवर त्यांनी ते वाचले. पुढचे जवळजवळ वर्षभर शाळेच्या बसमध्ये तिला 'झुरळ' म्हणत असत, आणि हे तिने मला तेव्हा सांगितलेही नाही. आठवीत गेल्यावर एकदा भांडताना म्हणाली, 'तूच लिहिलेस ना?' मी तो मजकूर पुसला, पण त्याला काही अर्थ नव्हता.

तीन वर्षांच्या मुलाने अंथरूण ओले केले तर तो विनोद होतो. दहा वर्षांच्या मुलाचे तेच लिहिले तर ती चुगली होते. त्याने आधी दाखवा असे सांगितले आहे ते यासाठीच असणार, त्याला बहुधा नेमके शब्द सापडले नसतील.

दोन_ओळींत_सांगा (सोमवार, दुपारी ३.४०)

मग विनोद करायचाच नाही का? पाली, पाढे हे तर सर्वांचेच असते. मुले इतकी नाजूक नसतात.

जुना_उपसंपादक (सोमवार, सायंकाळी ५.१५)

विनोद करावा, पण त्याचा बळी कोण हे आधी ठरवावे. वडिलांनी लिहिलेल्या मजकुरात बळी होण्याचा पहिला मान वडिलांचा असतो. मुलगा शहाणा आणि बाप बावळट असे चित्र आले की वाचणारे हसतात, आणि मुलावरचे प्रेमही त्यातच येऊन जाते, वेगळे सांगावे लागत नाही. आता पाढे आणि पाल यांबद्दल: पाल राहू दिली तर मी हरकत घेणार नाही, पण अंथरूण जायलाच हवे.

नाशिककर_आजोबा (सोमवार, रात्री ८.००)

माझ्या मते चारोळी करावी. ऐकण्यास गोड वाटते.

'दहा वर्षांचा झाला राजा, रुळावर धावे त्याची मजा,
शिट्टी वाजे, गाडी सुटे, आजोबांना द्यावा खाजा.'

शिवाय एक दुरुस्ती सुचवतो. छायाचित्रात मुलाच्या हाती तिकीट आहे म्हणता, ते अर्धे असेल तर लिहू नका, लोक नावे ठेवतील. आता रेल्वेने लहान मुलांचे अर्धे तिकीट बंद केले आहे. नातवाला भुसावळला नेताना आम्हाला त्याचे पूर्ण पैसे पडले.

खिडकी_क्रमांक_चार (सोमवार, रात्री ८.४५)

आजोबा, आपले पैसे पूर्ण पडले हे खरे, पण नियम तसा नाही. मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी केली आहे म्हणून सांगतो. आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र जागा मागितली तर २०१६ पासून पूर्ण भाडे लागते. जागा न मागता आई-वडिलांच्या जागेवर बसवले तर अर्धे लागते. लोकलमध्ये जागा आरक्षित करण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तिथे पाच वर्षे पूर्ण झाल्यापासून बारावे पूर्ण होईपर्यंत अर्धेच तिकीट आहे. पाचच्या आत मोफत. चिरंजीवांचे अर्धे तिकीट अजून दोन वर्षे अगदी कायदेशीर आहे, खुशाल लिहा.

कोपरवाला (सोमवार, रात्री ९.३०)

आजोबा, खाजा नक्की पोहोचवतो. खिडकीसाहेब, आमच्या चिरंजीवांना तुमचे नाव सांगितले तर ते तुमच्या पाया पडतील. हा नियम त्याला चौथ्या वर्षापासून पाठ आहे.

अवांतर होईल, पण आठवले म्हणून सांगतो. तो पाच वर्षांचा झाला ते २०२० चा नोव्हेंबर. वर्षभर त्याचे एकच चालले होते की, पाच वर्षांचा झालो की मला माझे स्वतःचे तिकीट लागणार. सायकल नको, केक नको, अर्धे तिकीट हवे. आणि नेमक्या त्या वेळी लोकल आमच्यासारख्यांना बंद होती. त्याला काय सांगणार? मी वहीचे पान फाडले आणि त्यावर 'स्वयंपाकघर ते गॅलरी, अर्धे, परतीसह' असे लिहून, कडेला बटाट्याचा ठसा मारून त्याला तिकीट दिले. मग त्याने मलाही गाडीत बसवले, गॅलरीपाशी उतरल्यावर तिकीट विचारले, आणि माझ्याकडे नाही म्हटल्यावर मला शंभर रुपये दंड केला. असो. मूळ विषयाकडे वळू. चारोळीपेक्षा गद्यच बरे, असे मला वाटते.

जुना_उपसंपादक (मंगळवार, सकाळी ६.३०)

कोपरवाला, आमच्या कार्यालयात असे नेहमी घडत असे. बातमीदार कंटाळवाणी बातमी लिहून देई आणि चहा पिताना खरी बातमी सांगे. तुम्ही ज्याला अवांतर म्हटले आहे तोच तुमचा मजकूर आहे. बाकी सर्व टाकून द्या.

का, ते सांगतो. छायाचित्रात मुलाच्या हाती तिकीट दिसते, पण त्या तिकिटाला पाच वर्षांपूर्वीचा इतिहास आहे हे दिसत नाही. ओळीने सांगण्याजोगी गोष्ट हीच. यात बाप विनातिकीट सापडतो, म्हणजे विनोदाचा बळीही योग्य आहे. आणि मायेचा एकही शब्द नसताना माया आहे. वहीचे पान फाडून बटाट्याचा ठसा मारणाऱ्या माणसाने 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे वेगळे लिहिण्याची गरज नसते.

सत्तर-ऐंशी शब्दांत बसवा, आणि आज रात्री इथे टाका.

खिडकी_क्रमांक_चार (मंगळवार, सकाळी ९.१०)

तपशील पक्का असावा म्हणून सांगतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, आणि सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत परवानगी मिळाली. त्यामुळे नोव्हेंबरात 'गाड्या बंद होत्या' असे लिहू नका. गाड्या धावत होत्या, तुम्हाला प्रवेश नव्हता. लोकलवेड्या मुलाला हा फरक नक्की कळेल.

कोपरवाला (मंगळवार, रात्री १०.१५)

तिसरा खर्डा:

'महामारीच्या त्या कठीण काळात, जेव्हा सारे जग थांबले होते, तेव्हा तुझ्या निरागस डोळ्यांत एकच स्वप्न होते, अर्ध्या तिकिटाचे! लोकलमध्ये प्रवेश नसल्यामुळे तुझा हिरमोड होऊ नये म्हणून मी तुला कागदाचे तिकीट बनवून दिले, ज्यावर मी गमतीने स्वयंपाकघर ते गॅलरी असे लिहिले होते. तू इतका हुशार की, तू मलाच विनातिकीट पकडून दंड केलास! आज त्या आठवणीने डोळे पाणावतात. बाळा, आयुष्याच्या प्रवासात तुझी गाडी कधीही न थांबो!'

जुना_उपसंपादक (बुधवार, सकाळी ६.४०)

गोष्ट तीच आहे, पण तुम्ही तिला सजवून लग्नाला नेले आहे. ओळीओळीने पाहू.

'कठीण काळात', 'सारे जग थांबले होते' हे शब्द काढा. सारे जग थांबल्याचे पाच वर्षांच्या मुलाला देणेघेणे नव्हते, त्याचे तिकीट थांबले होते. 'निरागस डोळ्यांत स्वप्न' काढा. त्याने तिकीट मागितले, एवढेच लिहा. मागितले हे क्रियापद पुरेसे निरागस आहे.

'हिरमोड होऊ नये म्हणून' आणि 'गमतीने' हे दोन्ही शब्द वाचकाचा हात धरून त्याला हसण्याच्या जागी नेऊन उभा करतात. तिथे त्याला स्वतः जाऊ द्या. तिकिटावर काय लिहिले होते ते अवतरणात जसेच्या तसे द्या, गंमत तिथेच आहे. 'परतीसह' तुम्ही या खर्ड्यात गाळले आहे, तो तर सर्वांत चांगला शब्द होता. 'ज्यावर मी लिहिले होते' ही रचनाही मोडा. मराठी वाक्याचा भार शेवटी, क्रियापदावर पडतो. 'असे तिकीट काढून दिले' येथे वाक्य संपू द्या, त्यानंतर शेपूट नको.

'तू इतका हुशार' काढा. विनातिकीट पकडले, यात हुशारी आलीच. 'डोळे पाणावतात' हे तुमचे डोळे तपासून वाचक ठरवील. आणि आयुष्याच्या प्रवासाची गाडी कृपया कारशेडमध्ये लावा.

दोन_ओळींत_सांगा (बुधवार, सकाळी ९.००)

गाडी कारशेडमध्ये कशाला? उलट तिनेच शेवट करावा. 'पुढील स्टेशन: अकरा.' तीन शब्दांत काम झाले, आणि मुलाची घोषणाही त्यात आली.

जुना_उपसंपादक (बुधवार, सकाळी ९.४०)

चटपटीत आहे, नाकारत नाही. पण आयुष्य म्हणजे गाडी आणि वर्षे म्हणजे स्थानके हे लोकलवेड्या मुलाच्या कोणत्याही बापाला पहिल्या पाच मिनिटांत सुचेल. पहिले सुचलेले टाकून देऊन दुसरे सुचेपर्यंत थांबावे, असे मला शिकवले गेले.

शेवग्याची_शेंग (बुधवार, सकाळी ११.२०)

मला 'पुढील स्टेशन' आवडले. काका, सर्वच ओळी वृत्तपत्रासारख्या ताठ असाव्यात असे नाही. घरच्यांना थोडे गोड चालते.

एक प्रश्न आहे. 'तू' म्हणून लिहावे की 'तो' म्हणून? मला 'तू' जवळचे वाटते. माझ्या वेळी मी 'ही पलंगावर चढते' असे लिहिले होते, आणि आता वाचताना वाटते की, मी मुलीला समोर बसवून लोकांना तिच्याविषयी सांगत होते.

जुना_उपसंपादक (बुधवार, दुपारी १२.१०)

मी 'तो' लिहिले असते. 'तू' लिहिले की आवाज आपोआप चढतो आणि आशीर्वाद बाहेर पडू लागतात, हे तिसऱ्या खर्ड्यात दिसलेच. परंतु हा मुलगा स्वतः वाचणार आहे आणि परवानगीही देणार आहे, म्हणून तुमचे म्हणणे खोडून काढणे मला जमणार नाही.

एडिसनची_रहिवासी (बुधवार, रात्री ८.३०)

न्यू जर्सीहून वाचते आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो मराठी समजतो, मोडके बोलतो, पण देवनागरी वाचत नाही. त्याच्या छायाचित्राखाली मी मराठीत लिहिते ते खरे तर सांगलीच्या आजी-आजोबांसाठी, म्हणजे ज्याच्याविषयी लिहिते तोच एकटा वाचू शकत नाही. 'तू' लिहिले तरी ते 'तो'च असते. इथला वाद वाचून यंदा आधी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे ठरवले आहे. तुमच्या मुलाने खर्डा पाहिला का?

कोपरवाला (गुरुवार, रात्री ९.५०)

अजून नाही. आधी इथे दाखवतो. 'पुढील स्टेशन' लिहून पाहिले, मग खोडले. ते चांगले होते, पण ते घातल्यावर दंडाची गोष्ट मागे पडू लागली. 'तू' ठेवले आहे. काका, आशीर्वाद एकही बाहेर पडू दिलेला नाही.

'पाच वर्षांचा झालास तेव्हा तू भेट म्हणून लोकलचे अर्धे तिकीट मागितलेस. त्या नोव्हेंबरात आपल्याला लोकलमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून मी वहीच्या पानावर "स्वयंपाकघर ते गॅलरी, अर्धे, परतीसह" असे तिकीट काढून दिले. गॅलरीशी उतरल्यावर तू माझे तिकीट मागितलेस. मी स्वतःचे काढलेच नव्हते. तू मला शंभर रुपये दंड केलास. आज तू दहा वर्षांचा झालास. अर्धे तिकीट अजून दोन वर्षे चालेल. दंड मी अजून भरलेला नाही.'

जुना_उपसंपादक (शुक्रवार, सकाळी ६.२०)

'मी स्वतःचे काढलेच नव्हते' हे वाक्य तुम्हाला कुठून सुचले ते माहीत नाही, पण त्याला हात लावू नका. शेवटही योग्य ठिकाणी आहे. बटाट्याचा ठसा गेला याची हळहळ वाटते, मात्र तो परत आणल्यास दुसरे वाक्य लांबेल.

शेवग्याची_शेंग (शुक्रवार, सकाळी १०.००)

फारच छान. फक्त छायाचित्रात शाळेचा बिल्ला किंवा ओळखपत्र दिसत नाही ना, ते पाहा. तारीख तर वाढदिवसामुळे सर्वांना कळणारच आहे, शाळेचे नाव कळायला नको.

कोपरवाला (शुक्रवार, रात्री १०.४०)

पाठमोरा आहे, बिल्ला दिसत नाही. दप्तरावर शाळेचे नाव होते, तो भाग कापला.

आज रात्री त्याला दाखवले. त्याने दोनदा वाचले, हसला नाही, पेन्सिल मागितली. तीन हरकती आहेत. पहिली अशी की, गाडी स्वयंपाकघरातून सुटत नव्हती, देवघरातून सुटत होती, स्वयंपाकघर हा मधला थांबा होता. मी म्हणालो की तिकिटावर स्वयंपाकघर लिहिले होते. तो म्हणाला, 'म्हणजे तिकीट चुकीचे होते.' दुसरी हरकत बटाट्याच्या ठशाची आहे, ठशाशिवाय तिकीट खोटे समजतील, म्हणून तो घालावा. काका, तुमची हळहळ एकट्याची नाही.

तिसरी हरकत दंडाच्या रकमेवर आहे. पाच वर्षांचा असताना त्याला नियम माहीत नव्हता, आता माहीत आहे. विनातिकीट प्रवासाला किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडे असते, त्यामुळे शंभर रुपये त्याला मान्य नाहीत.

खिडकी_क्रमांक_चार (शुक्रवार, रात्री ११.०५)

मुलगा बरोबर आहे. किमान दंड २५० रुपये, शिवाय भाडे वेगळे.

पैलवान_सातारा (शुक्रवार, रात्री ११.२०)

आता समजले. फलक रद्द. पण भाडे पूर्ण की अर्धे?

कोपरवाला (शनिवार, सकाळी ७.१५)

पूर्ण. माझे वय बारा वर्षांपेक्षा जास्त आहे, असे त्याने सकाळी उठल्याउठल्या सांगितले. ठसा घातला आहे, शंभर रुपये तसेच ठेवले आहेत, कारण तेव्हा तेवढेच ठरले होते आणि हे त्याने बऱ्याच वादानंतर मान्य केले. स्वयंपाकघराचा निकाल अजून लागलेला नाही. देवघर लिहावे असे तो म्हणतो, ते पान मी जपून ठेवले आहे असे मी म्हणतो, आणि ते कुठे ठेवले आहे हे आम्हा दोघांनाही सापडत नाही. औक्षण साडेआठला आहे, तोवर कपाटाचा खालचा खण राहिला आहे.